आडवी, चौकोनी, उभी: कुळागराच्या एका संहितेच्या तीन आवृत्त्या

प्रश्न: आमचं गोव्यातल्या सत्तरीत कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे, पाहुण्यांना घरगुती जेवण देतो. ४० सेकंदांची जाहिरात करतोय. टीव्ही आणि यूट्यूबला आडवी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला चौकोनी आणि रील्सला उभी लागेल. संहिता एकच आहे: बागेतली वाट, ओसरीवर आजी आणि पाहुणीचं बोलणं, वाळणारी कोकमाची सोलां, केळीच्या पानावरचं जेवण, आजीचं शेवटचं वाक्य, मग फोन नंबर. आडवी शूट करून बाकी दोन त्यातून कापल्या तर चालेल ना? चाचणी म्हणून कापून बघितलं तर दोघींपैकी एकीचा चेहरा जातो, आणि मजकूर कुठे ठेवायचा तेही कळत नाही.

उत्तर:

काही शॉट कापून चालतील, काही नाही. कुठले कुठल्या गटात, हे शूटिंगच्या आधी कागदावर ठरवायचं. एडिटच्या टेबलावर ते ठरवायला बसलात की चेहरा जातोच, कारण तोवर आजी ओसरीच्या एका टोकाला आणि पाहुणी दुसऱ्या टोकाला बसून झालेली असते.

आधी कापण्याचा हिशेब बघू. आडवी चौकट १९२० बाय १०८०. तिची पूर्ण उंची ठेवून उभी पट्टी काढली तर रुंदी मिळते जेमतेम ६०८ पिक्सेल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही थोडी कमी. चौकोनाला १०८० मिळतात, निम्म्याहून जास्त. म्हणून चौकोनी आवृत्ती फारसा त्रास देत नाही. सगळी भांडणं उभीशी आहेत. शूटिंग फोरकेमध्ये करा, म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये. त्यातून उभी पट्टी १२१५ पिक्सेल रुंद निघते आणि १०८० बाय १९२० ला पुरून उरते. साध्या एचडीत शूट केलंत तर ६०८ पिक्सेल ताणून १०८० करावे लागतील आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्यासारख्या दिसतील. तुमच्या जाहिरातीत त्या सुरकुत्यांनाच तर किंमत आहे.

आता संहिता घ्या आणि तिच्या उजव्या बाजूला एक अरुंद रकाना आखा. प्रत्येक शॉटसमोर एकच गोष्ट लिहायची: हे वाक्य ऐकताना कोण किंवा काय दिसलंच पाहिजे. त्याखाली मी एक खूण करतो. ‘का’ म्हणजे आडव्यातून कापून चालेल, ‘पु’ म्हणजे उभ्यासाठी पुन्हा घ्यायचा, ‘ब’ म्हणजे शब्दच बदलायचे. लोक ‘का’ आणि ‘पु’पर्यंत येतात, ‘ब’ त्यांच्या डोक्यातच येत नाही. तुमच्या संहितेत ‘ब’ची जागा ओसरीवर आहे. मला ती साधारण अशी दिसते:

आजी (पेला पुढे करत): घे बाय, सोलकढी.
पाहुणी: घरची का, आजी?
आजी (बाजूला बोट दाखवत): घरचीच. ती काय, तिकडे सोलां वाळताहेत.

आडव्या चौकटीत हे छान चालतं. आजीचं बोट जातं, त्या दिशेने आपली नजर जाते आणि तिथे सुपात सोलां असतात. उभ्या चौकटीत ते सूप नाही. आजी ‘ती काय’ म्हणते आणि बघणाऱ्याला दिसतो चौकटीच्या काठावर तुटलेला हात. कॅमेरा तिकडे सरकवायचा म्हटलं तर चेहरा सुटतो. चूक कॅमेऱ्याची नाही, ‘ती’ आणि ‘तिकडे’ या शब्दांची आहे. बाजूला रिकामी जागा आहे असं हे शब्द गृहीत धरतात. उभ्या चौकटीला बाजू नाहीत. तिला वर-खाली आहे, आणि पुढे-मागे आहे. तेव्हा उभ्यासाठी आजीच्या मुठीत एक सोल द्या आणि वाक्य करा: ‘घरचीच. ही बघ.’ हात कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे येतो आणि सोल चेहऱ्याच्या खाली, मधोमध दिसतं. आजींना कंटाळा येणार नसेल तर दोन्ही टेक घ्या. एकच टेक मिळणार असेल तर ‘ही बघ’ घ्या, ते तिन्ही चौकटींत चालतं. संहिता पहिल्यांदा वाचताना ‘तो तिथे’, ‘हे सगळं’, ‘समोर बघ’ असले शब्द पेन्सिलीने गोल करायची मला सवय लागली आहे. जिथे गोल पडतो तिथे उभी आवृत्ती अडणार, हे जवळजवळ नक्की.

आता दोघींचा शॉट. यावर थोडा जास्त वेळ घालवू, कारण इथे डावं-उजवं सांभाळून भागत नाही.

रील्सवर तुमच्या चित्राच्या अंगावर अ‍ॅपचं सामान येऊन बसतं. खाली नाव, मथळा म्हणजे कॅप्शन, गाण्याची पट्टी, उजवीकडे खालच्या भागात बटणांची उभी रांग. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाचा सल्ला आहे की वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे ठेवा. पैसे न भरता टाकलेल्या रीललाही मी हेच माप लावतो. अ‍ॅपची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून प्रत्येक कामाआधी मापं पुन्हा बघून घेतो. १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीत याचा अर्थ असा की चेहरा आणि अक्षरं यांना वरून २७० पिक्सेलपासून १२५० पर्यंतचीच जागा आहे. चौकट १९२० ची, घर ९८० चं.

उभी पट्टी आडव्याची पूर्ण उंची घेते, त्यामुळे हाच पट्टा आडव्या चौकटीतही लागू होतो. १०८० उंचीच्या आडव्या चित्रात चेहरे वरून १५० ते ७०० पिक्सेलच्या मध्ये असायला हवेत. आडव्यात हनुवटी ७६० वर असली तर काहीच बिघडत नाही. तोच शॉट उभा कापला की हनुवटी मथळ्याखाली जाते. ‘मध्यभागी ठेवलंय की’ म्हणून निर्धास्त असणारे इथे फसतात.

दोघींना ओसरीवर शेजारी-शेजारी बसवू नका. ओसरीच्या पायऱ्यांवर बसवा, आजी वरच्या पायरीवर, पाहुणी एक पायरी खाली, आणि कॅमेरा पायऱ्यांना तिरका लावा. मग खांद्यामागे खांदा येतो आणि दोन चेहरे रुंदीत जवळ येतात. एकच पायरी का, ते मापाने सांगतो. कमरेपासून वर दिसेल अशा शॉटमध्ये चेहरा साधारण २७० पिक्सेल उंच येतो. माणसाचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत सुमारे २२ सेंटिमीटर धरला तर १७ सेंटिमीटरची पायरी चित्रात २१० पिक्सेल होते. म्हणजे वरच्या चेहऱ्याच्या केसांपासून खालच्या हनुवटीपर्यंत ४८० पिक्सेल. आपल्याकडे ५५० आहेत. दोन पायऱ्यांचं अंतर ठेवलंत तर ६९० होतात आणि पाहुणी बोलताना तिचं तोंड मथळ्याखाली जातं. मी ही चूक एका लग्नाच्या फिल्ममध्ये केली आहे. नवरी तीन पायऱ्या खाली बसली होती, फोटोत फार सुंदर दिसायचं. रीलमध्ये तिच्या ओठांवरून हॅशटॅग जात होते.

रुंदीचंही तसंच. ६०८ मधून दोन्ही बाजूंचे ६ टक्के काढले की साधारण ५३५ उरतात. चेहरा सुमारे १९५ रुंद, दोन चेहरे ३९०, मध्ये शंभरेक पिक्सेलची फट. बसतं, पण दाटीने. खांदे कापले जातील, ते जाऊ द्या. खालचा चेहरा डावीकडे ठेवा आणि वरचा उजवीकडे, उलट नको, कारण बटणांची रांग उजवीकडे खाली असते. आजी उजवीकडे वर, पाहुणी डावीकडे खाली. पेला आजीच्या हातून तिरका खाली येतो, आणि ती तिरकी रेघ उभ्या चौकटीला शोभतेही.

आडव्यात मग दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहील, ती कुळागराने भरा. डावीकडे पोफळींचे सोट, उजवीकडे सोलांचं सूप, मागे राजांगणाचा उजेड. एकच अट, बाजूला जे ठेवाल ते गमावलं तरी गोष्ट अडता कामा नये. दारावरची तुमच्या नावाची पाटी बाजूला ठेवून ‘वाचतील लोक’ असं म्हणू नका. तिचा वेगळा शॉट घ्या.

शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात चौकटीच्या खुणा दाखवायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर मॉनिटरला कागदी टेप लावा. सात इंची मॉनिटरचा पडदा सुमारे १५५ मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या मधोमध ४९ मिलिमीटर सोडून दोन उभ्या टेप लावल्या की उभी पट्टी दिसते. खालून ३५ टक्क्यांवर, म्हणजे ८७ मिलिमीटर उंचीत तळापासून ३० वर, एक आडवी टेप लावा. चौकोनासाठी टेप लावत बसू नका, नाहीतर कॅमेरामनला चित्रच दिसायचं नाही.

बाकी शॉट पटकन. बागेतली वाट ‘पु’. आडव्यात पाहुणे लांबून चालत येतात आणि ते खरंच बघावंसं वाटतं, पण त्यातून पट्टी कापली तर झाडांचे कापलेले बुंधे उरतात. पोफळ हे मुळातच उभं झाड. कॅमेरा उभा धरा, शेंड्यापासून सुरू करा आणि खाली वाटेवर या. दोन मिनिटांचं काम आहे. उभ्या आवृत्तीत मात्र या शॉटने सुरुवात करू नका. तिथे पहिला शॉट आजीचा पेला पुढे करण्याचा घ्या आणि वाट नंतर दोन सेकंदांत उरका. आडव्यातली सहा सेकंदांची शांत सुरुवात टीव्हीसमोर बसलेल्याला गोड लागते. अंगठ्याने वर ढकलणारा तेवढा थांबत नाही. असं केल्यावर उभी आवृत्ती ४० ऐवजी ३६ सेकंदांच्या आसपास येईल, येऊ द्या.

जेवणाचा वरून घेतलेला शॉट कापू नकाच. पान आडवं असतं, पट्टी कापली की डावीकडचं लोणचं आणि उजवीकडची भाजी दोन्ही जातात आणि उरतो नुसता भात. कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून उभ्यासाठी दुसरा टेक घ्या. वाढणारा हात खालून यायच्या ऐवजी बाजूने येईल, कुणी हरकत घेत नाही. फक्त पानाची दोन्ही टोकं त्या ९८० च्या घरात बसतील एवढ्या उंचीवरून घ्या, नाहीतर मथळा भाजीवर वाढल्यासारखा दिसतो.

मजकुराबद्दल. तीन आवृत्त्या म्हणजे मजकुराच्या तीन मांडण्या असं वाटतं, पण चौकोनी आणि उभी दोन्ही १०८० रुंद आहेत. ओळी कुठे तोडायच्या ते एकदा ठरवलं की दोन्हीकडे चालतं, फक्त उभ्यात मजकूर वर सरकवायचा. तोडणी करायची ती १०८० साठी एक आणि १९२० साठी एक, एवढीच. उभ्यात मी डावीकडून ६५ पिक्सेल सोडतो आणि उजवीकडून १५०, बटणांसाठी. उरतात ८६५. अक्षराचा आकार ६४ ठेवला तर देवनागरीच्या ओळीत अठरा-वीस अक्षरं आरामात बसतात. दोन ओळींपेक्षा जास्त नको. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार एकमेकांत अडकतात. ‘घरगुती’च्या खाली ‘सोलकढी’ लिहून बघा, गुचा उकार आणि ढीची वेलांटी दोन्ही जागा मागतात. आकाराच्या दीडपट अंतर धरा, ६४ ला साधारण ९६.

आडव्यासाठी आकार ठरवताना एक गोष्ट निसटते. आडवी फिल्म उभ्या धरलेल्या फोनवर बघितली की तिची १९२० ची रुंदी फोनच्या रुंदीत दाबली जाते. चित्र जवळजवळ निम्म्यावर येतं, म्हणजे ५६ टक्के. रील्सवर ६४ ने जेवढं अक्षर दिसतं, तेवढंच आडव्यात दिसायला ११४ लागेल. यूट्यूबची आवृत्ती लोक फोनवरच बघणार असतील तर आडव्यात मजकूर कमी शब्दांत आणि मोठा हवा. ‘सत्तरीच्या कुळागरात घरगुती जेवण’ उभ्यात दोन ओळींत येईल, आडव्यात नुसतं ‘कुळागरातलं जेवण’ ठेवा. टीव्हीसाठी चारही कडांपासून पाच टक्के सोडा, म्हणजे बाजूंना ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल. काही टीव्ही अजूनही चित्र थोडं ताणून कडा खातात. एका हॉटेलच्या लॉबीत माझ्या फिल्ममधल्या ‘स्वागत’चा ‘स्वा’ टीव्हीने खाल्ला होता आणि पाहुण्यांचं दिवसभर ‘गत’ होत होतं.

सबटायटल द्यायची असतील तर संहितेत आणखी एक बदल. एकटीच्या शॉटमध्ये जागा आहे: डोळे वरून तिसाव्या टक्क्यावर, हनुवटी बेचाळीसच्या आसपास, त्याखाली पन्नास ते बासष्टमध्ये दोन ओळी सहज राहतात. दोघींच्या शॉटमध्ये मात्र चेहऱ्यांनीच पट्टा भरला आहे. तिथे सबटायटल टाकलंत तर ते पाहुणीच्या गळ्यावर तरी येईल नाहीतर मथळ्याखाली तरी जाईल. म्हणून दोघी एकत्र दिसतात तेव्हा न वाचताही कळेल एवढंच बोलणं ठेवा. ‘घे बाय, सोलकढी’ला सबटायटल लागत नाही, हातातला पेला पुरतो. ‘घरची का?’ आणि ‘घरचीच, ही बघ’ एकेकीच्या शॉटवर घ्या. आजीचं शेवटचं वाक्य, ‘जेवल्याशिवाय जायचं नाही हां’, तेही तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर. हा शॉट ‘का’ आहे, तिन्हीत तोच चालतो, फक्त डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा ठेवा. आडव्यात डोकं चौकटीला टेकलं तरी खपतं, उभ्यात ते अ‍ॅपच्या वरच्या पट्टीखाली जातं.

फोन नंबरची पाटी शेवटी येते म्हणून घाईत होते, आणि माझ्या हातून सर्वांत महाग पडलेली चूक तिथलीच आहे. एका घरगुती मसाल्यांच्या जाहिरातीत नंबर आडव्या पाटीच्या तळाशी होता. उभ्यात मी पाटी तशीच वर-खाली ताणली. आठवडाभर लोक ‘छान आहे’ म्हणत होते आणि फोन येत नव्हते. मालकांच्या भाच्याने फोन पुढे केला, ‘काका, नंबर कुठाय?’ नंबर मथळ्याखाली होता, पहिले दोन आकडे तेवढे दिसत होते. आता मी उभ्यात नंबर चौकटीच्या बरोबर मध्यावर ठेवतो, नाव त्याच्या वर आणि गावाचं नाव त्याच्या खाली, १२५० च्या आत. दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत लिहा आणि एका ओळीतच ठेवा, दोन ओळींत तुटलेला नंबर लोक चुकीचा फिरवतात. पाटी चार सेकंद स्थिर राहू दे.

तपासणीसाठी कॉम्प्युटरवर विसंबू नका, तिथे अ‍ॅपचं सामान दिसत नाही. वेगळ्या खाजगी खात्यावर रील टाका, मथळा खऱ्याएवढाच लांब लिहा, आणि घरातल्या सगळ्यांत छोट्या पडद्याच्या फोनवर बघा. एकदा आवाज बंद करून पाहा, कोण कोणाशी बोलतंय ते कळलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला वर नाव आणि खाली उत्तराची पट्टी येते, पण रील्सच्या मापात बसवलेलं तिथे अडत नाही. चौकोनी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी पाठवून त्यांच्याकडून परत मागवा. पाठवताना चित्र दाबलं जातं आणि बारीक अक्षरं विरघळतात, ती तिथेच दिसतील.

वेळापत्रकात सोलांचा शॉट पहिला ठेवा. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेची, आणि सोलां उन्हात असतात तेवढेच दिवस तो शॉट आहे. सूप एकदा आडवं आणि एकदा कॅमेरा उभा धरून, दोन्ही आत्ताच घेऊन ठेवा. ओसरी, आजी आणि पान जूनमध्येही मिळतील.